गिअरचा दात व्हर्नियरने मोजताना: जाडी जीवेवर, उंची शेंड्यापासून

बेळगावात उद्यमबाग किंवा मच्छेच्या एखाद्या जॉब शॉपमध्ये नव्याने लागलेल्या पोराच्या हातात गिअर टूथ व्हर्नियर लवकरच येतो. चिकोडी, निपाणी, खानापूरकडून ऊस चरकाचे, मळणी यंत्राचे, जुन्या लेथचे गिअर बदलून घ्यायला माणसे येतात. एक-दोन नगांसाठी कोणी हॉब विकत आणत नाही. मिलिंग मशीनवर डिव्हायडिंग हेड लावून, फॉर्म कटरने दोन दातांमधला एकेक गाळा पाडायचा आणि दात बरोबर झाला का ते त्याच मशीनवर, जॉब न उतरवता बघायचे. त्या वेळी हाताशी असलेले सर्वांत सोयीचे साधन हेच. या साधनाला दोन स्केल असतात आणि नव्या माणसाचे सगळे लक्ष आडव्या स्केलवर असते, कारण जाडी तिथे वाचायची असते. चूक बहुतेक वेळा उभ्या स्केलवर होते. हा लेख म्हणूनच मुख्यतः उभ्या स्केलबद्दल आहे.

उदाहरण एकच घेऊ आणि शेवटपर्यंत तेच चालवू. साधा सरळ दातांचा गिअर, मोड्यूल ४, दात २४, प्रेशर अँगल २० अंश. पिच सर्कलचा व्यास ४ × २४ म्हणजे ९६ मिमी, बाहेरचा व्यास म्हणजे ओडी ४ × २६ म्हणजे १०४ मिमी. ड्रॉइंगवर दाताच्या जाडीला उणे ०.१० ते उणे ०.१६ अशी सूट दिली आहे असे धरू. जोडीच्या गिअरबरोबर थोडा बॅकलॅश राहावा म्हणून दात पुस्तकी मापापेक्षा जरा बारीक ठेवतात, ती ही सूट.

मोजायचे काय

पिच सर्कलवर दात आणि गाळा सारखे वाटून घेतात. म्हणून दाताची जाडी पिचच्या निम्मी, म्हणजे π × ४ ÷ २ = ६.२८३ मिमी. पण ही जाडी वर्तुळाच्या कडेने, कंसावर मोजलेली आहे. व्हर्नियरचे जबडे कंसावर वाकत नाहीत. ते दाताच्या दोन बाजूंना टेकतात आणि त्या दोन बिंदूंमधले सरळ अंतर दाखवतात. शाळेच्या भूमितीतली जीवा ती हीच. जीवा कंसापेक्षा किंचित लहान असते.

दुसरी गोष्ट उंचीची. दाताच्या शेंड्यापासून पिच सर्कलपर्यंतचे अंतर म्हणजे ॲडेंडम. आपल्या गिअरला ते ४ मिमी. पण पिच सर्कल दाताच्या मध्यभागी वर फुगलेले असते आणि जीवा त्या फुगवट्याच्या खालून जाते. जबडे जीवेच्या टोकांना टेकवायचे तर व्हर्नियरची मधली पट्टी ४ मिमीवर ठेवून चालत नाही, फुगवट्याची उंची त्यात मिळवावी लागते. दोन्हींची सूत्रे अशी:

```
s = m × z × sin(90°/z)
h = m + (m × z / 2) × (1 − cos(90°/z))
```

m म्हणजे मोड्यूल, z म्हणजे दातांची संख्या. s ही जीवेवरची जाडी, h ही शेंड्यापासून जीवेपर्यंतची उंची. ९०° ÷ z कुठून आला? एका दाताच्या आणि एका गाळ्याच्या वाट्याला ३६० ÷ z अंश येतात. त्यातला निम्मा भाग दाताचा, आणि दाताच्या मध्यरेषेपासून एका बाजूला त्याचाही निम्मा.

आपल्या गिअरला ९० ÷ २४ = ३.७५ अंश. sin ३.७५° = ०.०६५४०३, त्याला ९६ ने गुणले की जाडी ६.२७९ मिमी. cos ३.७५° = ०.९९७८५९, १ मधून वजा केल्यावर ०.००२१४१ उरतात, त्याला ४८ ने गुणले की ०.१०३. म्हणजे उंची ४.१०३ मिमी.

कंस ६.२८३ आणि जीवा ६.२७९. फरक चार मायक्रॉनचा. ज्या व्हर्नियरचे किमान माप ०.०२ आहे त्यावर हा फरक दिसणारही नाही. उंचीत मात्र ०.१०३ वाढले आहेत, आणि हे विसरून पट्टी ४.०० वर ठेवली तर जबडे दाताच्या थोड्या वरच्या, निमुळत्या भागाला टेकतात आणि जाडी सुमारे ०.०६ ने कमी दिसते. आपली सूट रुंदीला ०.०६ च आहे. एवढ्या एका विसरण्यात ती सगळी खाऊन टाकली. नवशिके sin च्या चौथ्या दशांशाची काळजी करत बसतात. Cos चा भाग मात्र जॉब पास होतो की नाही ते ठरवतो.

दात कमी असले की फुगवटा वाढतो. मोड्यूल ४ चाच १२ दातांचा पिनियन घेतला तर ०.२०५ मिळवावे लागतात. झटपट पडताळणीसाठी ०.६१७ × m ÷ z हा अंदाज पुरेसा जवळ येतो. आपल्या गिअरला ०.६१७ × ४ ÷ २४ = ०.१०३, बरोबर जुळले.

कॅल्क्युलेटरबद्दल एक सावधगिरी. कोन अंशात हवा, म्हणजे स्क्रीनवर `D` किंवा `DEG` दिसायला हवे. चुकून रेडियनवर असेल तर या उदाहरणात उत्तर उणे ५४.९ येते, ते कोणालाही कळते. खरा धोका `GRA` चा आहे. त्यात sin ३.७५ ला ९६ ने गुणून ५.६५ येते, आणि हा आकडा दाताच्या जाडीसारखाच दिसतो. उत्तर नेहमी १.५७ × मोड्यूलच्या जरासे खाली यायला हवे. ६.२८ च्या जवळ नसेल तर आधी कॅल्क्युलेटर बघा.

व्हर्नियर आधी तपासा

जबडे मिटवून आडवे स्केल शून्य दाखवते का, एवढे सगळे बघतात. उभे स्केल कोणी बघत नाही. जबड्यांची टोके सरफेस प्लेटवर उभी टेकवा, मधली पट्टी खाली आणून प्लेटला लावा. उभे स्केल शून्यावर यायला हवे. नसेल तर जेवढा फरक आहे तेवढा लिहून ठेवा आणि प्रत्येक सेटिंगमध्ये धरा.

एवढ्याने भागत नाही, कारण दाताला जबड्याची सपाट बाजू टेकत नाही, आतला कोपरा टेकतो. दात वर निमुळता असल्यामुळे सगळा भार त्या कोपऱ्यावर येतो आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या व्हर्नियरचे कोपरे गोल झालेले असतात. स्लिप गेज जबड्यात धरून बघितला तर सपाट बाजू मोजली जाते आणि सगळे ठीक दिसते. त्यासाठी ८ मिमीची डॉवेल पिन घ्या. उभे स्केल २.०० वर ठेवा, पट्टी पिनच्या माथ्यावर टेकवा आणि जबडे हलके मिटवा. पिनची त्रिज्या ४, माथ्यापासून २ खाली जीवा ६.९२८ मिमी येते. व्हर्नियरने ६.९२ किंवा ६.९४ दाखवले तर तो वापरण्यासारखा आहे. ६.८६ दाखवत असेल तर कोपरे झिजले आहेत किंवा उभे शून्य चुकले आहे. ही चाचणी उंचीच्या बाबतीत फार तीक्ष्ण आहे: उंचीत ०.०५ चूक असेल तर जाडीत सुमारे ०.०६ दिसते.

झिजलेल्या कोपऱ्यांचा व्हर्नियर दात खरा आहे त्यापेक्षा बारीक दाखवतो. मशीनवाला वेळेआधी थांबतो, दात जाड राहतो आणि गिअर असेंब्लीत घट्ट बसतो. असे गिअर वारंवार परत येत असतील तर कटरकडे बघण्याआधी ही पिन वापरा.

ओडी मोजल्याशिवाय उंची ठरवू नका

आता मुख्य मुद्दा. सूत्रातली उंची शेंड्यापासून मोजलेली आहे आणि व्हर्नियरची पट्टीही शेंड्यावरच टेकते. सूत्र धरून चालते की शेंडा जिथे असायला हवा तिथेच आहे, म्हणजे ओडी नेमका १०४.०० आहे. लेथवर ब्लँक टर्न करणारा माणूस गिअरचा ओडी म्हणजे मोकळी जागा समजतो. गिअर चालताना शेंड्याला काही टेकत नाही, त्यामुळे दहा-पंधरा शतांश कमी झाले तर त्याला फरक पडत नाही, आणि गिअरच्या चालण्याच्या दृष्टीने त्याचे खरेही आहे. मोजणाऱ्याला मात्र पडतो, कारण त्याचे सगळे माप त्या शेंड्यावरून सुरू होते.

आपल्या ब्लँकचा ओडी मायक्रोमीटरने १०३.८६ आला असे धरू. व्यासात ०.१४ कमी, म्हणजे प्रत्येक बाजूला शेंडा ०.०७ खाली आला. पिच सर्कल तिथेच आहे, म्हणून पट्टीची उंचीही ०.०७ ने कमी करायची:

```
h = 4.103 − (104.00 − 103.86)/2 = 4.033
```

०.०२ किमान मापाच्या व्हर्नियरवर ४.०४ लावा. उरलेल्या सात मायक्रॉनने जाडीत चार मायक्रॉनचा फरक पडेल, तो सोडून द्या.

ही दुरुस्ती केली नाही तर काय होते? पट्टी ४.१० वर ठेवून जबडे खऱ्या पिच सर्कलच्या ०.०७ खाली, दाताच्या जाड भागाला टेकतील. उंचीत जेवढी चूक, त्याच्या 2 × tan(20° − 90°/z) पट चूक जाडीत येते. आपल्या २४ दातांना हा गुणक ०.५८ आहे. म्हणजे ०.०७ × ०.५८ = ०.०४. दात खरा ६.१५ असेल तर व्हर्नियर ६.१९ दाखवेल. आपली हद्द ६.१२ ते ६.१८. बरोबर असलेला दात जाड ठरला. पोरगा काकांना विचारतो, "काका, दात जाड दाखवालाय, अजून घालू काय?" आणि काकांनी ओडी न विचारता "घाल" म्हटले की कटर आणखी आत जातो, व्हर्नियरवर ६.१५ येते, प्रत्यक्षात दात ६.११ होतो आणि जॉब रिजेक्ट. कापलेला दात परत जाड करता येत नाही.

हीच चूक उलट दिशेनेही होते. शेंड्याच्या कडेला बर राहिली आणि पट्टी तिच्यावर टेकली तर शेंडा उंच झाल्यासारखे होते, जबडे वर टेकतात आणि दात बारीक दिसतो. मोजण्याआधी शेंड्यावरून बारीक कानस किंवा ऑइलस्टोन एकदा हलका फिरवणे पुरते. जोरात फिरवून शेंडाच खाली आणू नका, नाहीतर वरची सगळी दुरुस्ती नव्याने करावी लागेल.

एक गैरसमज इथेच दूर करतो. ओडीतला फरक काही शतांशांचा असेल तर ती टर्निंगची कसर, आणि दुरुस्ती वर सांगितल्याप्रमाणे. पण नमुन्याला आलेल्या जुन्या गिअरचा ओडी हिशेबापेक्षा दीड-दोन मिलीमीटरने मोठा असेल तर तो टर्नरने मोठा केलेला नाही. कमी दातांचे पिनियन मुळातच दात बाहेर सरकवून बनवलेले असतात, म्हणजे प्रोफाइल शिफ्ट दिलेला असतो. अशा दाताची पिच सर्कलवरची जाडी पिचच्या निम्मी नसते, जास्त असते. वरची दोन्ही सूत्रे तिथे लागू होत नाहीत. किंवा तो गिअर मोड्यूलचा नसून डीपीचा असेल. जुन्या इंची लेथचे गिअर आपल्याकडच्या वर्कशॉपांत अजून फिरतात. ६ डीपी म्हणजे मोड्यूल ४.२३३, २४ दातांना ओडी ११०.०७. तो मोड्यूल ४ समजून पुढे गेलात तर व्हर्नियर काही मदत करणार नाही. आधी दात मोजा, ओडी मोजा, ओडीला दात + २ ने भागा आणि उत्तर कुठल्या प्रमाणित मोड्यूलवर किंवा डीपीवर बसते ते पाहा.

कापताना मोजणे

२४ दातांना २१ ते २५ दातांसाठीचा फॉर्म कटर लागतो. कटरच्या बाजूवर मोड्यूल, प्रेशर अँगल आणि दाताची पूर्ण खोली कोरलेली असते. मोड्यूल ४ ला २.२५ पटीने ९.०० मिमी धरू. ४० च्या डिव्हायडिंग हेडवर एका दातासाठी ४० ÷ २४, म्हणजे एक पूर्ण फेरा आणि दोन तृतीयांश; १८ भोकांच्या वर्तुळावर एक फेरा आणि १२ भोके.

खोली कुठून मोजायची? कटर ब्लँकला टेकवून डायल शून्य करतो तेव्हा शून्य प्रत्यक्ष शेंड्यावर येते, पुस्तकी शेंड्यावर नाही. आपला शेंडा ०.०७ खाली आहे, म्हणून पुस्तकी दाताला खोली ८.९३ च लागेल. इथे ९.०० घातले तर ओडीची कसर दुसऱ्यांदा भोवते.

पहिल्यांदा पूर्ण खोली कधीच घालू नका. ८.६० घालून एक गाळा पाडा, एक दात पुढे जाऊन त्याच खोलीने दुसरा गाळा पाडा. दोन गाळ्यांच्या मध्ये एक पूर्ण दात तयार होतो, तोच मोजायचा. नव्या पोरांची इथली नेहमीची गडबड अशी की मापानंतर कटर आत घेऊन एकच गाळा परत कापतात आणि लगेच मोजतात. दाताची एकच बाजू बारीक झालेली असते, आकडा निम्माच हलतो आणि हिशेब चुकतो. दर वेळी दोन्ही गाळे नव्या खोलीने कापून मगच मोजायचे.

मोजताना मशीन बंद, चिप्स आणि कूलंट पुसून. व्हर्नियर दाताच्या लांबीच्या मध्यावर धरा, कडेला नाही. पट्टी शेंड्यावर सपाट बसू द्या, ती एका बाजूला कलली की एक जबडा वर आणि एक खाली टेकतो. पट्टी आणि दोन्ही जबडे, तिन्ही एकाच वेळी हलके टेकल्याचे हाताला कळले पाहिजे. मग व्हर्नियर गिअरच्या अक्षाच्या दिशेने किंचित इकडे-तिकडे हलवून सर्वांत कमी येणारा आकडा घ्या. व्हर्नियर तिरका झाला की आकडा वाढतो. जबडे दाबून मिटवले तर पट्टी उचलली जाते, ते तर आणखी वाईट.

८.६० ला दात ६.५६ मिळाला असे धरू. आपल्याला हद्दीच्या मध्यावर, ६.१५ ला पोहोचायचे आहे, म्हणजे ०.४१ कमी करायचे. कटर किती आत न्यायचा? हॉबिंगमध्ये खोली वाढवली की जाडी सुमारे ०.७३ पटीने कमी होते, कारण हॉबच्या दातांच्या बाजू सरळ २० अंशांत असतात. बरेच जण हाच गुणक फॉर्म कटरला लावतात. पण फॉर्म कटर गाळ्याच्या मध्यरेषेवरून सरळ आत जातो आणि त्याच्या बाजू त्या उंचीवर जास्त उघडलेल्या असतात. आपल्या गिअरला गुणक ०.८५ च्या आसपास येतो. ०.७३ धरून ०.४१ भागले तर ०.५६ येते, ०.८५ धरून ०.४८. पहिल्या आकड्यावर विश्वास ठेवला असता तर दात ६.०८ ला गेला असता.

तरीही सगळे ०.४८ एकदम घालू नका. ०.३५ घाला, दोन्ही गाळे कापा, मोजा. ६.२८ आले असे धरू. म्हणजे ०.३५ ला ०.२८ कमी झाले, या मशीनवर या कटरला प्रत्यक्ष गुणक ०.८० मिळाला. डायलचा बॅकलॅश, कटरची धार, मँड्रेलचा लवचिकपणा हे सगळे त्यात आपोआप आले. उरलेले ०.१३ ÷ ०.८० = ०.१६. तेवढे घालून मोजले तर ६.१६. एकूण खोली ९.११ झाली. आता टेबलाचे उभे लॉक घट्ट करून सगळे गाळे याच खोलीने काढा. लॉक केल्यावर एकदा परत मोजा, कारण लॉक करताना टेबलाखालचा नी थोडा हलतो आणि दोन-तीन शतांश तिथेच बदलतात.

सगळ्या बाजूंनी मोजल्यावर आकडे वेगळे आले तर

पूर्ण गिअर झाल्यावर चार ठिकाणी, साधारण पाव-पाव फेऱ्यावर मोजा. २४ दात आहेत म्हणून पहिला, सातवा, तेरावा आणि एकोणिसावा. समजा ६.१६, ६.१३, ६.१६, ६.१९ असे आले. एका बाजूला बारीक, समोरच्या बाजूला जाड. हे दोन वेगळ्या कारणांनी होते आणि दोन्हींत निर्णय वेगळा आहे.

पहिले कारण: दात बोअरशी बरोबर फिरतात, पण ओडी तिरका फिरतो. तेव्हा दात सगळीकडे सारखेच असतात, फक्त मोजण्याची सुरुवातच वरखाली होते. शेंडा जिथे खाली, तिथे पट्टी खाली बसते आणि दात जाड दिसतो. दुसरे कारण: ओडी बोअरशी बरोबर आहे, पण कापताना जॉब मँड्रेलवर तिरका फिरत होता. एका बाजूला कटर खरोखरच जास्त आत गेला आणि तिथले दात खरोखरच बारीक आहेत.

ओळखायचे कसे? गिअर चांगल्या मँड्रेलवर घेऊन सेंटरमध्ये धरा आणि शेंड्यांवर डायल लावून फिरवा. डायल दहा शतांश फिरत असेल आणि जिथे डायल कमी दाखवतो तिथेच दात जाड दिसत असतील तर कारण पहिले. शेंड्यातला ०.०५ चा वर-खाली फरक ०.५८ ने गुणला की ०.०३ होतो, आणि वरच्या आकड्यांत तेवढाच फरक आहे. दात ठीक आहेत. डायल जागेवर उभा राहिला आणि तरी जाडी बदलत असेल तर दातच बोअरशी तिरके आहेत. असा गिअर फिरताना आवाज करतो आणि दर फेऱ्याला एकदा घट्ट होतो.

या मापात काय दिसत नाही

वरच्या दोन्ही सूत्रांत प्रेशर अँगल कुठेही नाही. २० अंशांच्या जागी साडेचौदा अंशांचा कटर लावून दात पाडले तरी पिच सर्कलवरची जाडी बरोबर ६.१५ आणता येईल आणि व्हर्नियर पास म्हणेल. गिअर जोडीला लावल्यावरच कळेल. जुन्या कटरांच्या डब्यातून कटर उचलताना त्यावरचा कोन वाचा, एवढाच यावर उपाय.

शेंड्यावर भरवसा ठेवायचाच नसेल तर डिस्क मायक्रोमीटरने काही दात मिळून स्पॅन मोजता येतो. २४ दातांच्या गिअरला तीन दातांवर मोजतात. पुस्तकी माप ३०.८६६ येते. जाडी जेवढी कमी केली त्याच्या ०.९४ पट स्पॅन कमी होतो. आपला दात ६.२७९ वरून ६.१६ केला, म्हणजे ०.११९ कमी. स्पॅन ०.११२ ने घटून ३०.७५ च्या आसपास यायला हवा. फॉर्म कटरच्या दाताचा आकार २१ दातांचा असल्यामुळे एक-दोन शतांशांचा फरक पडू शकतो. त्याहून जास्त पडला तर आधी ओडी परत मोजा, मग उंचीचे सेटिंग पाहा आणि नंतर दातांकडे वळा. मोड्यूल १ च्या खालच्या गिअरला तर सरळ स्पॅनच मोजावा. तिथे उंचीचे सेटिंगच एवढे लहान असते की व्हर्नियरच्या एका रेघेची चूकही दाताच्या मानाने मोठी होते.

शेवटी नोंद कशी ठेवायची ते सांगतो. इन्स्पेक्शनच्या वहीत नुसते "दात ६.१६" असे लिहिले तर महिन्याने त्यातून काही कळत नाही. ओडी १०३.८६, उंची ४.०४, जाडी ६.१६, चारही ठिकाणचे आकडे आणि व्हर्नियरचा नंबर एकाच ओळीत लिहा. गिऱ्हाईक गिअर परत घेऊन आले तर सर्वांत आधी विचारायचा प्रश्न हाच असतो की ही जाडी कुठल्या उंचीवर मोजली होती.